थेंब टाकल्याबद्दल अभिनंदन

“छान! तुम्ही खूप छान काम केलंत!”

हे वाक्य माझ्या बहात्तर वर्षांच्या भावाला, अकोल्याच्या कोर्टात चाळीस वर्षं वकिली केलेल्या माणसाला, त्याच्याच बैठकीत एका डबीनं ऐकवलं. कशाबद्दल? तर त्यानं स्वतःच्या डोळ्यात स्वतःच्या हातानं औषधाचे दोन थेंब टाकले होते, म्हणून. मी शेजारच्या खुर्चीत होते. डबी गप्प झाली तसं दादाचं नाकानं श्वास सोडणं ऐकू आलं. समोरचा वकील फालतू मुद्दा मांडायला लागला की तो असाच श्वास सोडायचा, असं त्याचे जुने पक्षकार सांगतात.

“ऐकलं?” तो म्हणाला. “आता पेढे वाटा म्हणा.”

मला हसू आलं नाही. तळपायाची आग मस्तकात गेली, कारण त्या डबीची मराठी वाक्यं लिहिणारी मी होते आणि हे वाक्य माझं नव्हतं.

मी जन्मापासून आंधळी. दृष्टिहीन, दिव्यांग वगैरे नवे शब्द लोक माझ्यासाठी वापरतात. वापरू देत, मला त्यानं फरक पडत नाही. अमरावतीला एका सरकारी कचेरीत मी अठ्ठावीस वर्षं टेलिफोन ऑपरेटर होते. दिवसभर कानाला फोन. माणूस ‘हॅलो’ म्हणाला की तो कुठून आलाय, रागात आहे की रडकुंडीला, त्याला साहेब हवाय की नुसतं कुणीतरी ऐकून घ्यायला हवंय, हे मला पहिल्या दोन शब्दांत कळायचं. उत्तर कसं द्यायचं हेही त्याच खुर्चीत शिकले. फोनवरच्या माणसाला कागद दिसत नसतो. एका दमात मावेल एवढंच बोलायचं, त्याला लक्षात ठेवायची गोष्ट शेवटी सांगायची आणि प्रश्न विचारला की गप्प बसायचं.

निवृत्त झाल्यावर पुण्याच्या एका कंपनीनं मला शोधून काढलं. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या आणि नजर कमी झालेल्या माणसांसाठी त्यांनी बोलणारी डबी बनवली होती. ती वेळ सांगते, फोन लावून देते, औषधाची आठवण करते, आपण उत्तर दिलं तर लिहून ठेवते. इंग्रजीत ती तयार होती. मराठीत काय बोलेल याची वाक्यं हवी होती. आवाज यंत्राचा, म्हणजे आपण लिहू ते यंत्र वाचणार. कंपनीतला भाषेचा प्रमुख फोनवर म्हणाला, “मॅडम, तुमच्याइतकं असा आवाज रोज कोण ऐकतं?” खरं होतं ते. माझा मोबाईल, माझा संगणक, सगळं मला यंत्राच्या आवाजातच वाचून दाखवतं. म्हटलं, चला, कुणाला तरी कानाची किंमत कळली.

पहिला खटका फोटोवरून उडाला. त्यांना त्यांच्या पानावर माझा फोटो टाकायचा होता, पांढरी काठी आणि काळा चष्मा घालून. माझ्याकडे काळा चष्मा नाही. मला ऊन दिसत नाही, तर डोळे लपवू कशापासून? त्यांच्याकडच्या एका मुलीनं फोनवर अतिशय गोड आवाजात विचारलं, “मग आम्ही पाठवू का एक?” मी म्हटलं, “चष्मा नको, वाक्यं पाठवा.” फोटोचा विषय पुन्हा निघाला नाही. बहुतेक मी प्रेरणादायी वाटले नसेन.

वाक्यं आली तक्त्यात. एका रकान्यात प्रसंग, दुसऱ्यात इंग्रजी, तिसऱ्यात मराठी, चौथ्यात शेरा. एकेका प्रसंगाला तीन-तीन पर्याय, म्हणजे डबी रोज तेच ते बोलणार नाही. मराठीचा रकाना कुणीतरी आधीच भरून ठेवला होता. ‘मला क्षमा करा, मला ते समजू शकले नाही. कृपया आपण पुन्हा प्रयत्न करू इच्छिता का?’ एवढं सगळं ऐकेपर्यंत माणूस आपण काय विचारलं होतं तेच विसरेल. मी ते खोडून ‘नीट ऐकू नाही आलं. परत सांगता?’ असं लिहिलं. ‘८.०० वा.’ लिहिलेलं होतं, ते यंत्र ‘आठ शून्य शून्य वा’ असं वाचत होतं. तिथे ‘सकाळी आठला’ लिहिलं. एका ठिकाणी ‘थेंब टाकले का? उत्तर दिल्यास आपल्या कुटुंबीयांना माहिती मिळेल’ असं होतं. डबी बोलून संपेपर्यंत तिचा कान बंद असतो. माणूस प्रश्न संपताच ‘हो’ म्हणणार, तेव्हा डबी अजून कुटुंबीयांचं पुराण सांगत असणार, आणि ते ‘हो’ हवेत जाणार. प्रश्न शेवटी ठेवला. मला मजा येत होती हे कबूल करते. अठ्ठावीस वर्षं जे अंगात मुरलं होतं, ते पहिल्यांदा कुणीतरी लिहून मागत होतं.

आणि औषध घेतल्याचं सांगितलं की डबीनं काय म्हणायचं, तिथे इंग्रजी रकान्यात होतं ‘ग्रेट जॉब’. मी मराठीत एकच शब्द लिहिला. ‘बरं.’

तो शब्द मी कुठून आणला हे मला चांगलं ठाऊक होतं. तो दादाचा शब्द होता. मला कचेरीत नोकरी लागली तेव्हा मी नाचत सांगायला गेले, आणि दादा म्हणाला, “बरं.” एवढंच. दुसऱ्या दिवशी पहाटेच्या गाडीनं तो अमरावतीला माझ्यासोबत आला, माझ्या खोलीपासून कचेरीपर्यंतचा रस्ता माझा हात धरून तीनदा चालला, वळणं आणि पायऱ्या मोजून घेतल्या, नाली कुठे उघडी आहे ते काठीनं ठोकून दाखवलं, आणि संध्याकाळी परत जाताना म्हणाला, “आता तू जाशील.” आमच्या घरात कौतुकाची तऱ्हा ही अशी. तोंडानं ‘बरं’ म्हणायचं आणि जे करायचं ते पायांनी करायचं. हा ‘बरं’ ऐकला की माझ्या मनाला अजूनही वाटतं की आपलं बोलणं पोचलं, आता कुणीतरी जागेवर आहे.

त्याच दादाला आता काचबिंदू झालाय. उजव्या डोळ्याची नजर जवळजवळ गेली, डाव्याची थोडी शिल्लक आहे. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलंय, सकाळी आठ आणि रात्री आठ, थेंब चुकवायचे नाहीत, नाहीतर आहे तेही जाईल. वहिनी जाऊन चार वर्षं झाली. सकाळी स्वयंपाकाला मावशी येतात, बाकी घरात तो एकटा. मुलगा पुण्याला नोकरीत. तो बापावर जीव टाकतो, पण त्याला रोज धास्ती. बाबांनी थेंब टाकले असतील का, गॅस बंद केला असेल का. तो त्याला पुण्याला न्यायचं म्हणत होता. दादाला जायचं नव्हतं. अकोल्यात त्याला घरातला प्रत्येक उंबरठा पाठ आहे, जुने पक्षकार येऊन बसतात, कोर्टातल्या बातम्या सांगतात. पुण्याला आठव्या मजल्यावरच्या खोलीत तो काय करणार? नजर जाणाऱ्या माणसाला त्याच्या पाठ असलेल्या घरातून उचलून न्यायचं म्हणजे उरलेली नजरही काढून घ्यायची. हे मी सांगू शकते. मला दोन्ही घरं माहीत आहेत.

म्हणून मीच कंपनीला विचारून चाचणीसाठी एक डबी दादाकडे ठेवायला लावली. माझा भाचा फोनवर म्हणाला, “आत्या, एक महिना बघू. डबी रोज मला कळवेल. बाबांचे थेंब नीट होत असले तर मी पुन्हा विषय काढणार नाही. नाही झाले, तर त्यांनी यायचं.” दादानं शब्द दिला. मीही दिला, कारण डबीच्या तोंडी माझी वाक्यं असणार होती.

पंधरा दिवसांनी भाच्याचा फोन आला. आवाज थकलेला. “आत्या, अर्ध्याहून जास्त वेळा प्रतिसाद नाही असं येतंय. बाबा म्हणतात टाकले. मी कोणाचं खरं मानू?”

मी दुसऱ्याच दिवशी अमरावतीजवळच्या बडनेऱ्याहून अकोल्याची गाडी धरली. मूर्तिजापूरला चहावाला ओरडत डब्यातून गेला, तरी मी कपाकडे हात केला नाही, इतका माझा जीव टांगणीला लागला होता. दुपारी पोचले. रात्री आठला डबीनं विचारलं, दादानं थेंब टाकले, माझ्यासमोर उत्तर दिलं, आणि मग ते सुरुवातीचं वाक्य आलं.

“म्हणून तू उत्तर देत नाहीस?” मी विचारलं.

“देत होतो पहिले चार-पाच दिवस,” दादा म्हणाला. “मंग विचार केला, मी काई लहान पोट्टा आहो का? थेंब टाकले तर शाबासकी, बीपीची गोळी घेतली तर शाबासकी. एकदा म्हणते, ‘वा! तुमचा आम्हाला अभिमान आहे.’ कोणाले आहे अभिमान? त्या डबीले? मले सांग, तुयी वहिनी चाळीस वर्षं भाकरी करून राहिली होती, मी कधी तिले म्हटलं का, वा, आम्हाला अभिमान आहे?”

“म्हणायला पाहिजे होतं,” मी म्हटलं.

“ते वेगळं,” तो म्हणाला. “पण हे मी ऐकून घेणार नाई. थेंब टाकतो मी रोज. त्या डबीले हिशेब देत नाई.”

तो खरं बोलत होता. मागच्याच आठवड्यात त्याच्या डोळ्याचा दाब तपासला होता, तो आवाक्यात होता. पण भाच्याच्या मोबाईलवर दाब येत नव्हता. तिथे रोज ‘प्रतिसाद नाही’ येत होतं. दादा शब्द पाळत होता आणि हरत होता. एका गोड वाक्यापायी माणसाचं घर सुटणार होतं.

मी बैठकीतूनच भाषेच्या प्रमुखाला फोन लावला. तो तिशीतला मुलगा, बोलायला अतिशय नम्र. “मॅडम, तुमचं ‘बरं’ होतं, पण रिव्ह्यूमध्ये कोरडं वाटलं. आम्हाला टोन उबदार ठेवायचा होता.”

“कोणाला कोरडं वाटलं? ऐकून की वाचून?”

वाचून, तो म्हणाला. तक्ता पाच जणांकडे गेला होता. पाचांनी तो डोळ्यांनी वाचून शेरे लिहिले होते. नंतर काही घरांत पसंती विचारली होती, तीही मोबाईलवरच्या फॉर्मवर. ‘यातलं कोणतं वाक्य आवडलं?’ समोर ‘बरं’ आणि शेजारी ‘छान! तुम्ही खूप छान काम केलंत!’ कागदावर कोण ‘बरं’वर खूण करेल? तो शब्द कागदावर किती बापुडा दिसत असेल याची मीही कल्पना करू शकते. पण ही डबी कागद नव्हे! ती ऐकायची गोष्ट आहे, दिवसातून चारदा ऐकायची, महिनोन् महिने. ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठी बनवलेल्या वस्तूची भाषा ज्यांना दिसतं त्यांनी डोळ्यांनी ठरवली होती. आणि माझ्या नावाखाली. मी हे सगळं त्याला ऐकवलं, जरा चढ्या आवाजात. शेजारच्यांनी नक्की ऐकलं असेल.

“मॅडम, मी परवा तसाही अकोल्याला येतोय, चाचणीच्या घरांना भेट द्यायला,” तो म्हणाला. “पहिले तुमच्याकडे येतो.”

तो आला. मावशींनी चहा दिला. कंपनीनं मला मोबाईलवर एक सोय करून दिली होती. आपण वाक्य लिहायचं, बटण दाबायचं, की डबीच्याच आवाजात ते ऐकू येतं. मी आधीच एक वाक्य लिहून तयार होते. त्यानं पहिला घोट घेतला, बशीचा आवाज झाला, मी बटण दाबलं.

“छान! तुम्ही खूप छान घोट घेतलात!”

तो हसला. दुसऱ्या घोटाला मी पुन्हा दाबलं. तो हसला, पण कमी. तिसऱ्या घोटाला त्याच्या कपाची किणकिण थांबली. चौथ्यांदा त्यानं घोट घेतलाच नाही.

“घ्या ना,” दादा म्हणाला. “काहून थांबले?”

“सर, ऑकवर्ड होतं,” तो हळूच म्हणाला.

“मले महिनाभर ऐकवणार होते तुमी,” दादा म्हणाला. “तुमचे तर तीनच घोट झाले.”

तो खरोखर ओशाळला. मला समाधान वाटलं, खोटं कशाला बोलू. मी विजयी वकिलासारखी म्हटलं, “आता माझं ‘बरं’ परत घाला.”

“घालतो,” तो म्हणाला. “पण मॅडम, एकदा डबीवर ऐकाल का? माझ्याकडे जुनं आहे.” त्यानं काहीतरी खटखट केलं, आणि डबी बोलली.

“बरं.”

ते ‘बरं’ ऐकून मी गार पडले. धाड्‌कन दार आपटावं तसा तो शब्द आला. वर ना खाली, मागे ना पुढे. भांडून तोंड फिरवलेल्या माणसाचा तुटक हुंकार.

दादा मोठ्यानं हसला. “बाई, हे तर आपल्या काकासारखं म्हणते. वाटणीच्या दिवसासारखं.”

“पण मी तर तपासलं होतं,” मी म्हटलं. आणि बोलता बोलता माझी चूक माझ्या लक्षात आली. मी मोबाईलवर सगळं तिप्पट वेगानं ऐकते. आम्हा सगळ्यांची ती सवय, संथ आवाजावर आमचा वेळ फुकट जातो. डोळस लोकांना ते नुसतं खडखडणं वाटतं, मला त्यात सगळं स्पष्ट ऐकू येतं. त्या वेगात ‘बरं’ काय आणि ‘छान’ काय, सगळे शब्द सारखेच पळतात. ‘बरं’ची गोडी मी माझ्या मनातून घालून घेत होते, दादाच्या आवाजातून. यंत्राला ती कुठली? एक शब्द एकटा दिला की या आवाजाला तो कसा म्हणायचा ते कळत नाही. आधारालाच काही नसतं. त्या पाच जणांनी डोळ्यांनी ठरवलं म्हणून मी एवढा आरडाओरडा केला होता, आणि मीही माझ्या सवयीच्याच कानानं ठरवून मोकळी झाले होते. दादाच्या खुर्चीत बसून, त्या डबीसमोर, तिच्या चालीनं मी ते एकदाही ऐकलं नव्हतं.

मला माझाच राग आला, आणि दुसऱ्यावरचा राग सोडून तो स्वतःवर घेणं फार जड जातं. मी मोबाईल बाजूला ठेवला. मग म्हटलं, “चूक माझी. पण तुमचं वाक्य तरीही राहणार नाही.”

“नाही राहणार,” तो म्हणाला. “तुम्हीच सांगा काय घालायचं.”

मी दोन दिवस तिथेच बसले. मोबाईलचा वेग उतरवला, तो संथ आवाज ऐकून डोकं उठलं, पण ऐकला. वाक्य लिहायचं, डबीवर वाजवायचं, दादानं ऐकायचं. ‘बरं झालं’ घातलं, तर त्यात उपकार ऐकू यायला लागले. ‘बरं का’ घातलं, तर धमकी. आपण ‘बरं का’ म्हणतो तेव्हा त्यात हेल असतो, मान हलते. यंत्राला मान नाही. ‘धन्यवाद’ घातलं, तर दादा म्हणाला, “माया डोळ्यात माये थेंब, धन्यवाद तू कायचा देते?” उद्गारचिन्ह असलं की तो आवाज अंगावर यायचा, म्हणून सगळी उद्गारचिन्हं काढून टाकली. स्वल्पविराम दिला तिथे तो थांबायचा, म्हणून ज्या जागी माणूस खरंच श्वास घेईल तिथेच ठेवला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी कंटाळून दादालाच विचारलं, “तू माझ्या जागी असतास आणि मी थेंब टाकले म्हणून सांगितलं असतं, तर तू काय म्हणाला असतास?”

“काई नाई. मंग पुढचे केव्हा टाकायचे ते सांगितलं असतं.”

मी कपाळाला हात लावला. हेच तर मी टेलिफोनच्या बोर्डावर अठ्ठावीस वर्षं करत होते. समोरच्याचं ऐकलं हे ‘शाबास’ म्हणून नाही सांगायचं. त्यानं दिलेलीच गोष्ट त्याला परत सांगायची, आणि पुढचं द्यायचं. ‘बिलाचं काम, दुसऱ्या मजल्यावर. जोडून देते.’ माणसाला कळतं, ऐकलं हिनं.

मी लिहिलं, ‘सकाळचे थेंब झाले. आता रात्री आठला.’ डबीवर वाजवलं. दोन छोटी वाक्यं, प्रत्येकात यंत्राला धरायला पुरेसे शब्द. कुठे वर चढलं नाही, कुठे आपटलं नाही. त्यात माया नव्हती, पण अपमानही नव्हता. दादा काही म्हणाला नाही. मी ते चांगलं लक्षण मानलं.

कंपनीतल्या त्या मुलानं ते त्याच दिवशी दादाच्या डबीत घातलं. महिन्याचे दहा-अकरा दिवस उरले होते. इतर घरांत मात्र ‘छान’ तसंच राहिलं, ‘वरून मंजुरी मिळेपर्यंत’. मंजुरी देणारे कोण? तेच पाच जण, तोच तक्ता. मी त्यांना लिहिलं की तक्ता वाचून दाखवायची सोय प्रत्येक संगणकात असते, एकदा पडदा बंद करून ऐका. उत्तर आलं, ‘आपल्या मौल्यवान सूचनेबद्दल आभारी आहोत!’ शेवटी उद्गारचिन्ह होतं, माझ्या यंत्रानं ते चढ्या सुरात वाचलं. त्या घरांत आणखी किती म्हातारी माणसं त्या शाबासकीला कंटाळून गप्प बसली असतील आणि किती मुलांनी मोबाईलवर ‘प्रतिसाद नाही’ वाचून सामान बांधायला घेतलं असेल, याचा विचार केला की आजही माझं डोकं फिरतं.

शेवटच्या दिवसांत भाच्याच्या मोबाईलवर दोन्ही वेळचं उत्तर येत होतं, पण आधीचे ‘प्रतिसाद नाही’ त्याच्या मनातून गेले नव्हते. महिना संपला त्या रविवारी सकाळीच भाचा अकोल्याला आला. मीही आदल्या दिवशीच पोचले होते. तो येताना मोठी रिकामी सूटकेस घेऊन आला होता. बैठकीत तिची चाकं घरंगळली तेव्हा ती किती हलकी आहे हे मला आवाजावरून कळलं, आणि दादालाही कळलं असणार. भाचा हात धुऊन, चहाचा कप घेऊन बसला. आठ वाजले.

“सकाळचे आठ झाले,” डबी म्हणाली. “डोळ्यांत थेंब टाकले का?”

दादानं बाटली उघडली. झाकण टेबलावर ठेवल्याचा आवाज. एक डोळा, थोडं थांबून दुसरा. झाकण परत लागलं.

“टाकले.”

“सकाळचे थेंब झाले. आता रात्री आठला.”

“बरं,” दादा म्हणाला.

जो शब्द मी दोन दिवस आटापिटा करूनही त्या डबीच्या तोंडी घालू शकले नव्हते, तो तिला समोरून मिळाला. अगदी तोच, जसाच्या तसा, नोकरी लागली तेव्हा मला मिळाला होता तो. भाच्याचा कप बशीवर टेकला आणि तिथेच राहिला.

“रोज असंच म्हणतात का हे?” त्यानं मला हळूच विचारलं.

“मले विचार ना,” दादा म्हणाला. “मी काय इथं बसून नाई राहिलो का?”

भाचा उठला. मग त्यानं सूटकेस ओढून दाराशी नेऊन ठेवली.

“बाबा, मी संध्याकाळच्या गाडीनं निघतो. एकटाच.”

“बरं,” दादा म्हणाला. “पोचला की फोन कर.”